साडेसात एचपीची ओढ: पट्टा कुठे, चेन कुठे

साखर कारखान्यात बॉयलरला पुरून उरलेले बगॅस यार्डात नेऊन टाकावे लागते. अनेक ठिकाणी हे काम एक रबरी कन्व्हेयर करतो. खालून निघून चढणीने वर जाणारा, उघड्यावर उभा असलेला, दिवसा धुळीत आणि रात्री दवात भिजणारा. हंगाम सुरू झाला की तो चोवीस तास चालतो. गिरणीतून नुकत्याच आलेल्या बगॅसमध्ये निम्म्याच्या आसपास पाणी असते, वाळले की त्याचाच बारीक भुसा उडतो. यंत्राला त्रास द्यायला याहून योग्य जागा शोधूनही सापडणार नाही, म्हणून पट्ट्याने ओढ द्यायची की चेनने, या प्रश्नाची परीक्षा इथेच घेऊ.

आपल्या उदाहरणातला कन्व्हेयर मध्यम आकाराचा समजू. मोटर साडेसात एचपीची, म्हणजे 5.5 किलोवॉटची, मिनिटाला 1440 फेरे घेणारी. वरच्या टोकाचा हेड ड्रम 400 मिलिमीटर व्यासाचा. बगॅस वाहणारा रबरी पट्टा सेकंदाला एक मीटर वेगाने न्यायचा, तर ड्रमने मिनिटाला सुमारे 48 फेरे घ्यायला हवेत. 1440 वरून 48 वर येणे म्हणजे वेग तीस पटींनी उतरवणे. हे एका दमात होत नाही. मोटरवरची लहान पुली आणि गिअरबॉक्सवरची मोठी पुली यांच्यामध्ये व्ही-बेल्ट लावून 1440 चे 720 होतात. गिअरबॉक्स त्याचे 96 करतो. मग गिअरबॉक्सवरच्या 19 दात्यांच्या स्प्रॉकेटवरून हेड शाफ्टवरच्या 38 दात्यांच्या स्प्रॉकेटवर चेन जाते आणि 96 चे 48 होतात.

म्हणजे एकाच कन्व्हेयरवर ओढ तीन ठिकाणी हातोहात जाते. पहिल्यांदा व्ही-बेल्टवरून, दुसऱ्यांदा चेनवरून आणि शेवटी ड्रमच्या पाठीवरून वाहक पट्ट्याला. यातली पहिली आणि तिसरी जागा निव्वळ घर्षणावर चालते. मधली दात्यांवर चालते. कन्व्हेयर अडला आणि मोटर फिरतच राहिली की कारखान्यात हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे, “बेल्ट घसरतायत, काढून टाका, तिथेही चेन लावा.” हे वाक्य कधी बरोबर असते, पण बहुतेक वेळा घाईचे असते. घसरण नेमकी कुठे आहे, हे पाहिल्याशिवाय ते बोलूच नये.

घर्षणावर ओढ कशी दिली जाते, हे कळायला कोकणातल्या धक्क्यावर होडी बांधणाऱ्याकडे पाहावे. तो दोराचा वेढा खांबाला देतो आणि सुटे टोक एका हाताने धरतो, तरी होडी लाटेसरशी निसटत नाही. सुट्या टोकावरच्या लहानशा ताणाने तो दुसऱ्या टोकावरचा कितीतरी मोठा ताण तोलून धरतो. या दोन ताणांचे गुणोत्तर किती असू शकते, याचे गणित अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर यांनी मांडले आणि पुढे 1808 च्या ग्रंथात प्रशियाचे अभियंते आयटेलवाइन यांनी ते अभियंत्यांच्या हाती दिले. सूत्र एका ओळीचे आहे:

T1/T2 = e^(μθ)

T1 म्हणजे घट्ट बाजूचा ताण, T2 म्हणजे सैल बाजूचा. μ हा घर्षणाचा अंक आणि θ म्हणजे पट्टा पुलीला किती कोनात कवटाळतो ते. हे दोन्ही अंक घातांकात बसले आहेत, आणि सगळी गंमत तिथेच आहे. घर्षणाचा अंक 0.3 धरला, तर दोराच्या एका पूर्ण वेढ्याने गुणोत्तर साडेसहाच्या आसपास येते. दुसरा वेढा दिला की ते दुप्पट होत नाही, त्रेचाळीसच्या घरात जाते. उलट दिशेनेही तेच खरे आहे. घर्षण किंवा कवटाळणारा कोन थोडासा कमी झाला की पकड थोडीशी कमी होत नाही, ढासळते.

आता हे आपल्या मोटरवर लावू. मोटरवरची पुली 125 मिलिमीटरची, गिअरबॉक्सवरची 250 ची आणि दोन शाफ्टमधले अंतर 600 मिलिमीटर. लहान पुलीला पट्टा 168 अंशांत कवटाळतो. पुलीच्या कडेचा वेग सेकंदाला जवळजवळ साडेनऊ मीटर आहे, म्हणून 5.5 किलोवॉट पोचवायला दोन बाजूंच्या ताणांत फक्त 60 किलोचा फरक लागतो. सपाट पट्टा लावला असता तर गुणोत्तर 2.4 च्या पलीकडे जाऊ शकत नाही. म्हणजे सैल बाजूला 43 किलो ताण कायम ठेवायचा, तेव्हा घट्ट बाजूला 103 येणार, आणि दोन्ही मिळून 146 किलोंचा भार मोटरच्या बेअरिंगवर पडणार. साठ किलोच्या कामासाठी एवढा भार सोसायचा.

व्ही-बेल्टने हा व्यवहार सुधारला. पट्टा पुलीच्या खाचेत पाचरीसारखा रुततो आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवर दाबला जातो. त्यामुळे तेच 0.3 चे घर्षण तिपटीइतके काम करते. कागदावर गुणोत्तर पंधराच्या जवळ जाते. पण कागदावरचे गुणोत्तर वापरायचे नसते, कारण ते घसरण्याच्या अगदी काठावरचे असते. धूळ, दव आणि मोटर सुरू होतानाचा धक्का यांना जागा ठेवून व्ही-बेल्टसाठी पाचाच्या आसपासचे गुणोत्तर धरण्याची चाल आहे. पाच धरले तर सैल बाजूला 15 किलो, घट्ट बाजूला 75, एकूण 90. सपाट पट्ट्याच्या 146 पुढे हे केवढे हलके आहे! मोटरच्या बाजूला व्ही-बेल्ट टिकून राहिला, त्याचे कारण हे आहे.

चेनला यातले काहीच लागत नाही. दाता कडीत अडकलेला असतो, सैल बाजूने मागून ओढून धरण्याची गरज नसते. तिथला ताण जवळजवळ शून्य, फक्त चेनच्या स्वतःच्या वजनाइतका. म्हणून चेनच्या बाबतीत ताणाचे गुणोत्तर विचारण्यात अर्थच उरत नाही. शाफ्टवर जो भार येतो तो कामाचा भार असतो, त्यात पकडीसाठी द्यावी लागणारी भर नसते.

मग सगळीकडे चेनच का नको? आणि चेन एवढी चांगली असेल तर मोटरच्या बाजूला कोणी का लावत नाही?

याचे उत्तर वेगात आहे. चेन दात्यांवरून जाते तेव्हा ती गोल फिरत नाही. प्रत्येक कडी सरळ असते, म्हणून स्प्रॉकेटवर चेनचा बहुकोन होतो. कडी दात्यावर बसताना चेन किंचित वर उचलली जाते आणि पुन्हा खाली येते, आणि तिचा वेग त्याच तालात कमी-जास्त होतो. 11 दात्यांच्या स्प्रॉकेटवर हा चढउतार चार टक्क्यांचा असतो, 19 दात्यांवर 1.4 टक्क्यांच्या आत येतो. लहान स्प्रॉकेटला सतरा तरी दाते हवेत असे जाणकार सांगतात, त्यामागे हेच कारण. मिनिटाला 96 फेऱ्यांवर हा हिसका जाणवतही नाही. 1440 फेऱ्यांवर तोच हिसका सेकंदाला साडेचारशे वेळा बसतो. चेन ओरडते, दात्यांवर आपटते, आणि तिला तेलाच्या बंद पेटीत बुडवून चालवावे लागते.

उलट संथ बाजूला व्ही-बेल्टची दमछाक होते. शक्ती म्हणजे ओढ गुणिले वेग. वेग उतरला की तीच शक्ती न्यायला ओढ वाढवावी लागते. गिअरबॉक्सच्या 96 फेऱ्यांच्या शाफ्टवर 250 मिलिमीटरची पुली बसवली, तर मोटरकडे 60 किलोत भागणारी ओढ इथे साडेचारशे किलोंच्या जवळ जाते. पाचाच्या गुणोत्तराने दोन्ही ताणांची बेरीज पावणेसातशे किलो होते. मोटरच्या बाजूला तीन पट्टे पुरत असतील, तर इथे डझनभर किंवा त्याहून जास्त लागतील. एवढ्या खाचांची रुंद पुली गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बाहेर लोंबकळत ठेवली, तर शाफ्ट आणि पुढचे बेअरिंग दोन्ही धोक्यात येतात. त्या जागी एक इंच पिचची एकेरी चेन आणि 19 दात्यांचे, जेमतेम 154 मिलिमीटर व्यासाचे स्प्रॉकेट पुरते. चेनवर सव्वासातशे किलो ओढ येते, आणि या मापाच्या चांगल्या चेनची तुटण्याची क्षमता सहा हजार किलोंच्या वर असते. तेवढ्याच व्यासाच्या पुलीवर व्ही-बेल्ट घातले असते, तर शाफ्टवरचा भार दीडपट झाला असता, आणि कन्व्हेयर बंद असतानाही तो तसाच राहिला असता.

म्हणून वेगाच्या बाजूला पट्टा आणि ओढीच्या बाजूला चेन ही जुनी मांडणी मला आजही सर्वांत शहाणपणाची वाटते. गिअरबॉक्स थेट हेड शाफ्टवर चढवला तर चेनची गरज संपते, आणि नव्या कन्व्हेयरवर तसे करावेही. पण जे हजारो कन्व्हेयर आज उभे आहेत, त्यांच्यावर ही जोडगोळी आहे आणि ती सांभाळायची आहे.

आता घसरणीकडे येऊ, कारण गैरसमज तिथेच सर्वांत जास्त आहेत. पट्टा चांगल्या अवस्थेतही थोडा मागे पडतो. घट्ट बाजूला तो ताणलेला असतो, सैल बाजूला आखडलेला असतो, आणि पुलीवरून जाताना ही लांबी बदलत असल्यामुळे तो किंचित सरकतो. हे सरकणे रबराच्या स्वभावातले आहे, कोणत्याही ताणाने ते पूर्ण थांबत नाही. एक-दीड टक्क्याची ही तूट हिशेबात धरलेली असते. खरी घसरण वेगळी. पुलीला कवटाळलेला पट्ट्याचा सगळा भाग एकदम सुटतो तेव्हा ती सुरू होते.

दोन्हींतला फरक टॅकोमीटरने पाच मिनिटांत कळतो. मोटरवर 1440 दिसत असतील तर गिअरबॉक्सच्या शाफ्टवर 720 दिसायला हवेत. भरल्या कन्व्हेयरवर 710 दिसले तर काळजी नाही. 670 दिसले तर सात टक्के तूट आहे, आणि ती तूट कुठे हरवत नाही, उष्णतेत जाते. साडेपाच किलोवॉटचे सात टक्के म्हणजे 385 वॉट. एवढी उष्णता खाचेच्या भिंतींवर सतत ओतली जाते. पुलीला हात लावता येत नाही एवढी ती तापते (हात लावायचा तो यंत्र बंद करून, वीज तोडून झाल्यावर), रबराचा जळका वास येतो, पट्ट्याच्या बाजू काचेसारख्या चकचकीत होतात. चकचकीत बाजूंचे घर्षण आणखी कमी असते. म्हणून घसरण एकदा सुरू झाली की ती स्वतःलाच वाढवत नेते.

बगॅसच्या यार्डात ही उष्णता केवळ वीजबिलाची बाब नाही. कव्हरमध्ये साठलेला कोरडा भुसा आणि तापलेली पुली यांची गाठ पडू द्यायची नसते. कन्व्हेयरवरच्या घर्षणाने काय होऊ शकते, याचा सर्वांत कठोर धडा इंग्लंडमधल्या क्रेसवेल कोळसा खाणीत 26 सप्टेंबर 1950 रोजी मिळाला. कोळसा एका कन्व्हेयरवरून दुसऱ्यावर पडतो त्या जागी फाटलेला रबरी पट्टा अडकला, घर्षणाने आग लागली आणि 80 कामगार गेले.

आता तिसरी जागा, हेड ड्रम. माझ्या मते “चेन लावा” हा सल्ला सर्वांत जास्त वेळा इथे फसतो. वाहक पट्टा ड्रमवरून ओढला जातो तोही त्याच सूत्राने. आपल्या कन्व्हेयरला सुमारे 500 किलो ओढ लागते. ड्रमवर रबराचे लॅगिंग असेल आणि घर्षणाचा अंक 0.35 मिळत असेल, तर 180 अंशांच्या वेढ्याने गुणोत्तर तीन येते. सैल बाजूला 250 किलो, घट्ट बाजूला 750. टेक-अपचे वजन त्या हिशेबाने टांगलेले असते आणि सगळे सुरळीत चालते. पण लॅगिंग झिजून लोखंड उघडे पडले असेल, आणि पहाटेच्या दवात भिजलेल्या बगॅसची लगदी त्यावर बसली असेल, तर अंक 0.1 पर्यंत उतरतो. गुणोत्तर उरते 1.37. तीच 500 किलोंची ओढ द्यायला आता सैल बाजूला 1350 किलो ताण हवा, जो कोणत्याच टेक-अपने कधी दिलेला नसतो. ड्रम फिरतो, पट्टा जागच्या जागी थांबतो. अशा वेळी मोटरवर चेन लावा की गिअर लावा, ड्रम पट्ट्याखाली घसरतच राहणार. टेक-अपवर वजनांची भर घालणे तर त्याहून वाईट, कारण त्याने पट्ट्याचे जोड आणि ड्रमचे बेअरिंग जातात. इलाज आहे तो लॅगिंग नवे करणे, स्क्रेपर नीट लावणे आणि ड्रमच्या मागे स्नब पुली बसवून वेढा 210 अंशांपर्यंत नेणे. एवढ्याने गुणोत्तर तीनाचे साडेतीनच्या वर जाते.

घसरण व्ही-बेल्टवर आहे की ड्रमवर, हे ओळखायला महागडे साधन लागत नाही. हेड ड्रमच्या आणि टेल ड्रमच्या बाजूवर खडूने एकेक ठळक रेघ मारावी. दोन्ही ड्रम एकाच व्यासाचे असतील, तर दोन माणसांनी जाळीबाहेर उभे राहून एक मिनिट फेरे मोजावेत. वर 48 आणि खाली 48 आले तर ड्रम निर्दोष आहे. वर 48 आणि खाली 44 आले तर पट्टा ड्रमवर घसरतो आहे. वरच 44 आले आणि खालीही 44, तर ड्रमची पकड शाबूत आहे आणि दोष अलीकडे, व्ही-बेल्टमध्ये आहे. कन्व्हेयर थांबल्याची खबर देणारा स्विच टेल ड्रमवर लावतात, तोही याच कारणाने. हेड ड्रम तर पट्टा थांबला तरी फिरत असतो.

झिजेचा स्वभावही दोघांचा अगदी वेगळा आहे. व्ही-बेल्ट झिजतो तो बाजूंनी, आणि त्याच्याबरोबर पुलीची खाचही झिजते. खाचेच्या सरळ भिंती आतून पोखरल्यासारख्या वाकतात. बैठकीचा गेज लावून पाहिला आणि भिंत व गेज यांत पाऊण-एक मिलिमीटर फट दिसली, तर पुली बदलावी. त्याहून सोपी खूण म्हणजे खाचेचा तळ. व्ही-बेल्ट तळाला कधीच टेकायचा नसतो, तो भिंतींवर तरंगायचा असतो. तळ घासून चमकत असेल, तर पट्टा खोल उतरला आहे, पाचर संपली आहे आणि व्ही-बेल्टचा सपाट पट्टा झाला आहे. गुणोत्तर पुन्हा 2.4 वर आले आहे. मग कितीही ताणा, त्याची घसरण थांबणार नाही.

चेन झिजते ती आतून, डोळ्यांना न दिसता. प्रत्येक सांध्यात एक पिन असते आणि तिच्याभोवती बुश. चेन स्प्रॉकेटवर चढताना आणि उतरताना पिन बुशमध्ये वळते. आपल्या कन्व्हेयरवर दोन शाफ्टमधले अंतर मीटरभर असेल तर चेन 108 कड्यांची येते आणि साडेतीन सेकंदांत एक फेरी पूर्ण करते. दिवसाला 24 हजार फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत प्रत्येक सांधा चारदा वळतो. त्या घासण्याने पिन बारीक होते, बुश मोठा होतो आणि चेनची लांबी वाढते. लोखंड ताणले गेले असे वाटते, पण कड्यांच्या पट्ट्या होत्या तेवढ्याच असतात. वाढ असते ती फक्त सांध्यांतली.

ती मोजणे सोपे आहे. एक इंच पिचच्या नव्या चेनच्या 12 कड्या बरोबर 12 इंच भरतात. चेन ओढून सरळ धरावी आणि पिनच्या मध्यापासून बारा कड्या सोडून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंत टेप लावावी. तीन-चार ठिकाणी मोजावे, कारण झीज सगळीकडे सारखी नसते. 12 इंच आणि वर पाव इंच आले की नवी चेन मागवावी. वर तीन सूत, म्हणजे 3/8 इंच आले की तीन टक्क्यांची वाढ पूर्ण झाली, चेन उतरवावी. या अवस्थेत ती 108 कड्यांमागे एकूण 82 मिलिमीटर लांबलेली असते आणि मोठ्या स्प्रॉकेटवर दात्याच्या बुडाशी न बसता शेंड्याकडे चढलेली दिसते.

इथे एक प्रथा सर्रास दिसते आणि ती बंद व्हायला हवी असे मला मनापासून वाटते. चेन सैल झाली की दोन कड्या काढायच्या आणि पुन्हा जोडायची. चेन तात्पुरती ताठ होते, सगळ्यांना काम झाल्याचे समाधान मिळते. पण काढल्या त्या दोन कड्या, उरलेल्या 106 कड्यांचे पिच वाढलेलेच आहे. अशी चेन दात्यांना आकडीसारखा आकार देत जाते. पुढे नवी चेन आणली तरी ती त्या आकडी दात्यांवर बसत नाही, आणि महिन्याभरात नव्या चेनचीही जुनी होते. म्हणून दाते आकडे झाले असतील तर स्प्रॉकेट आणि चेन एकत्रच बदलावी लागतात.

चेनचे आयुष्य ठरवते ते तेल, आणि तेल कुठे घालायचे हे बहुतेकांना चुकीचे ठाऊक असते. रोलरवर ओतलेले तेल बाहेरच राहते. ते आतल्या आणि बाहेरच्या पट्ट्यांमधल्या फटीत पडले पाहिजे, खालच्या सैल फेऱ्याच्या आतल्या बाजूने, तरच ते पिनपर्यंत पोचते. वरून थापलेले ग्रीस सांध्यात शिरत नाही. उलट बगॅसचा भुसा आणि राख त्यात चिकटून त्याची पॉलिशची पेस्ट होते. सांध्यांतून तांबूस पावडर गळताना दिसली, तर पिन कोरडी घासते आहे असे समजावे. उघड्या यार्डात चेनला बंद पेटी आणि थेंबाथेंबाने तेल सोडणारी बाटली, एवढा खर्च करायला हवाच. तो करायचा नसेल, तर त्या जागेसाठी चेन निवडूच नये. चेनची ताकद कागदावर कितीही असो, कोरडी चेन एक हंगामही धड काढत नाही.

चेन ताणण्याच्या बाबतीतही हात आवरावा लागतो. व्ही-बेल्टची सवय झालेला फिटर चेनही तारेसारखी ताठ करतो. चेनला झोळ हवा. एक मीटर अंतरावर खालच्या फेऱ्याला 20 मिलिमीटरच्या आसपास झोळ ठेवावा. ताठ केलेली चेन सांध्यांवर आणि बेअरिंगवर असा भार टाकते, ज्यातून काहीच काम होत नाही. आणि सैल फेरा शक्यतो खालीच असावा. वर ठेवला तर चेन लांबल्यावर तो लोंबून स्प्रॉकेटशी अडकतो.

व्ही-बेल्टला तेल नको, झोळ नको, पण लक्ष हवे, विशेषतः पहिल्या दोन दिवसांत. नवा पट्टा खाचेत बसतो आणि थोडा ढिला पडतो, त्यामुळे काही तास चालवून आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी तो ताणावा लागतो. हे दुसऱ्यांदा ताणणे राहून जाते आणि आठवड्याभरात पट्टा जळतो, मग दोष पट्टा बनवणाऱ्याला दिला जातो. ताण तपासायला बोटाने दाबून अंदाज घेऊ नये. दोन पुलींच्या मधोमध स्प्रिंग बॅलन्सने पट्टा आडवा ओढावा. मीटरभर अंतराला 16 मिलिमीटर वाकायला किती जोर लागतो, ते पट्ट्याच्या मापाप्रमाणे तक्त्यात दिलेले असते. आपल्या 600 मिलिमीटरच्या अंतराला दहा मिलिमीटरच्या जवळचे वाकणे मोजायचे. तीनपैकी एक पट्टा तुटला, तर तिन्ही बदलावेत. जुने लांबलेले असतात, म्हणून सगळा भार एकट्या नव्यावर येतो आणि तो लवकर जातो. चिकट करणारी फवारणी मारून घसरण थांबवायचा मोह टाळावा. ती धूळ धरते आणि रबर खराब करते.

घसरण हा पट्ट्याचा दोष म्हणून आपण मोजतो, पण कन्व्हेयर अडकतो तेव्हा तोच गुण ठरतो. समजा बगॅसबरोबर आलेला लाकडाचा ओंडका ड्रम आणि चौकट यांच्यामध्ये रुतला. व्ही-बेल्ट किंचाळायला लागतो, सगळ्या यार्डाला ऐकू जाते, कोणी तरी धावत जाऊन स्विच दाबतो. नुकसान झालेच तर तीन पट्ट्यांचे. मोटरपासून ड्रमपर्यंत सगळीकडे दाते असते, तर घसरायला जागाच उरली नसती. फिरत्या मोटरचा सगळा धक्का गिअरच्या दात्यांवर, शाफ्टवर किंवा चेनवर जाऊन जे सर्वांत कमकुवत असेल ते तुटले असते, आणि गिअरबॉक्स हंगामात तुटणे म्हणजे काय, हे कारखान्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. म्हणूनच पट्टा काढून तिथे चेन लावायचीच असेल, तर स्प्रॉकेटच्या हबमध्ये शिअर पिन किंवा टॉर्क लिमिटर घालणे भाग आहे. आणि तुटलेल्या शिअर पिनच्या जागी हाताशी आला तो हाय टेन्साइल बोल्ट ठोकायचा नाही, कारण मग तो बोल्ट तुटत नाही, गिअरबॉक्स तुटतो.

एक गोष्ट मात्र पट्टा आणि चेन दोघांनाही जमत नाही. आपला कन्व्हेयर चढणीचा आहे. भरलेला असताना व्ही-बेल्ट उतरले किंवा चेन तुटली, तर वरचे बगॅस पट्ट्याला मागे ओढते आणि सगळा कन्व्हेयर उलटा पळतो. खाली सफाई करणाऱ्याच्या अंगावर ढीग येतो, टेल ड्रमपाशी सगळे गाडले जाते. हे रोखणारा होल्डबॅक मोटरच्या किंवा गिअरबॉक्सच्या वेगवान शाफ्टवर स्वस्तात बसतो, कारण तिथे आघूर्ण कमी असते आणि लहान साधन पुरते. पण तिथे बसवलेला होल्डबॅक मधली चेन तुटली की निरुपयोगी होतो. तो जोडलेला राहतो मोटरशी, आणि कन्व्हेयर सुटलेला असतो. त्याची जागा हेड शाफ्टवर, चेनच्या स्प्रॉकेटच्या पलीकडच्या टोकाला. तिथे तो आकाराने मोठा लागतो आणि महागही पडतो, पण पट्टा तुटो वा चेन, ड्रम जिथल्या तिथे धरून ठेवणारी दुसरी जागा या यंत्रात नाही.